वीस-बावीस हजारांचा फोन, एक महिन्याच्या वापरानंतर

प्रश्न: वीस-बावीस हजारांपर्यंतचा फोन घ्यायचा आहे. कुणी महिनाभर तरी वापरला असेल तर बॅटरी, कॅमेरा आणि तापण्याबद्दल खरे काय ते सांगाल का? मी निपाणीकडचा आहे, दुचाकीवर उन्हातली फिरती जास्त असते.

उत्तर: आमच्या शेजारचे काका काजूच्या व्यापारासाठी बेळगावहून चंदगडकडे सतत ये-जा करतात. मी घेतलेलाच फोन त्यांना घ्यायचा होता, म्हणून महिनाभराच्या वापरानंतर त्यांच्यासाठी एक टिपण लिहिले होते. आपली फिरतीही तशीच दिसते, त्यामुळे तेच टिपण थोडे वाढवून येथे देत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीत बहुतेक सगळ्यांची घडण जवळपास सारखीच असते. ५००० एमएएचची बॅटरी, ४५ वॉटचा चार्जर, ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, त्याच्या जोडीला दोन किरकोळ कॅमेरे आणि फाइव्ह-जी, असे माझ्या फोनचे स्वरूप आहे.

काकांचा पहिला प्रश्न अर्थातच बॅटरी दिवसभर पुरते का, हा होता. बेळगावात घरच्या वाय-फायवर असलो तर सकाळी पूर्ण भरलेला फोन रात्री निजायच्या वेळी निम्म्याच्या आसपास असतो आणि तक्रारीला जागा राहत नाही. तोच फोन खिशात घालून हिंडलग्यावरून बाची-शिनोळीकडे गेलो की चित्र बदलते. एका दिवशी सकाळी नऊला १०० टक्के असलेला फोन पाटणे फाट्यापर्यंत जाऊन संध्याकाळी सहाला परत येईपर्यंत ३१ टक्क्यांवर उतरला होता. मी त्या दिवशी ना चित्रपट पाहिला होता ना खेळ खेळला होता. नकाशा, काही फोन आणि थोडे व्हॉट्सॲप एवढाच वापर होता.

सेटिंग्जमधील बॅटरीच्या यादीत पाहिल्यावर कारण लगेच सापडले. ॲपच्या नावांपुढचे आकडे लहान होते आणि ‘मोबाइल नेटवर्क’ ही ओळ सर्वांत वर होती. टॉवर दूर असला किंवा मध्ये डोंगर आला की त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी फोनला अधिक जोराने प्रक्षेपण करावे लागते, आणि त्यासाठी लागणारी वीज बॅटरीतूनच जाते. सीमेवर त्यात आणखी एक भर पडते. आपले सिम कर्नाटक सर्कलचे असते आणि शिनोळीच्या पुढे फोन महाराष्ट्र सर्कलच्या टॉवरवर जातो. सीमेच्या पट्ट्यात तो कधी अलीकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा, आणि प्रत्येक वेळी शोधाशोध करून नव्याने नोंदणी करतो. स्वागताचे संदेश एकामागून एक येऊ लागले की हेच चालले आहे असे समजावे. दोन सिम असतील तर हा उद्योग दोन्हींसाठी चालू राहतो.

सिग्नल किती कमजोर आहे हे वरच्या काड्यांवरून नीट कळत नाही, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये About phone या विभागात सिमची स्थिती दाखवणारे एक पान असते. त्यावर सिग्नलचा खरा आकडा dBm मध्ये दिसतो. तो ऋण असतो, म्हणून शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल कमजोर. माझ्या घरात तो -85 च्या आसपास असतो आणि त्या रस्त्यावर काही ठिकाणी -115 पर्यंत घसरतो. या मोजमापात दर १० चा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, त्यामुळे ३० चा फरक म्हणजे फोनपर्यंत पोहोचणारा सिग्नल हजारपट क्षीण. एवढे समजले की ‘बॅटरी खराब आहे’ असा दोष कंपनीला देण्याची घाई होत नाही.

मग त्याच रस्त्यावर पुन्हा जाताना तीन गोष्टी बदलल्या. नेटवर्कचा प्रकार फाइव्ह-जीऐवजी फोर-जीवर ठेवला, दुसरे सिम सेटिंग्जमधून तात्पुरते बंद केले आणि त्या भागाचा नकाशा घरीच वाय-फायवर उतरवून घेतला. साधारण तेवढाच वेळ, तेवढीच कामे, आणि संध्याकाळी ५४ टक्के शिल्लक. ५००० एमएएचच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ५० एमएएच, त्यामुळे २३ टक्क्यांची ही बचत साडेअकराशे एमएएचच्या घरात जाते. फाइव्ह-जी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. बेळगाव शहरात ते उत्तम चालते. मात्र जिथे ते धड मिळत नाही तिथे फोन त्याच्या मागे धावत राहतो आणि त्याचा भुर्दंड बॅटरीला पडतो. येथे एक सूचना: सीमेपलीकडे इंटरनेट अचानक बंद पडले तर बिघाड समजू नये, आधी डेटा रोमिंग चालू आहे का ते पाहावे. काही फोनमध्ये ते मुळात बंदच असते.

तापण्याचा विषय मी वेगळा लिहिणार होतो, पण तो बॅटरीपासून तोडता येत नाही. कमजोर सिग्नल, नकाशा, उन्हात पूर्ण प्रखर ठेवलेला पडदा आणि त्यातच दुचाकीवरच्या पॉइंटला लावलेले चार्जिंग, या चारही गोष्टी एकाच वेळी उष्णता निर्माण करतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पस्तिशीच्या पुढे जातो, आणि हँडलवरच्या होल्डरमध्ये सरळ ऊन झेलणारा फोन हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. माझ्या फोनच्या बाबतीत आधी पडदा आपोआप मंदावला. भर दुपारी नकाशा दिसेनासा झाला आणि प्रखरतेची पट्टी पूर्ण ओढूनही फरक पडला नाही. मग चार्जिंगचे चिन्ह दिसत असूनही टक्के वाढेनात. हा दोष नव्हे, हे फोनने स्वतःला जपणे आहे. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर भरणे तिच्या आयुष्याला मारक असते, म्हणून त्या सुमारास फोन चार्जिंगचा वेग पार कमी करतात किंवा ते थांबवतात.

यावर उपाय साधा आहे. नकाशाचा आवाज कानातल्या इअरफोनवर, तोही एकाच कानात, घ्यावा, पडदा बंद ठेवून फोन खिशात टाकावा आणि चार्जिंग गाडी थांबवल्यावर सावलीत करावे. तापलेला फोन थंड व्हावा म्हणून फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये, आत दव धरते. जाड रबरी कव्हर मात्र चार्जिंगच्या वेळी जरूर काढावे. ४५ वॉटच्या चार्जरने कव्हराशिवाय माझा फोन सुमारे सव्वा तासात भरतो. जुन्या फोनचा चार्जर लावला तर त्याच कामाला अडीच-तीन तास लागतात, कारण वेगाची बोलणी फोन आणि चार्जर यांच्यात आपापसात ठरतात आणि ती जुळली नाहीत तर फोन सावकाश भरतो. होल्डरबद्दल आणखी एक गोष्ट. मुख्य कॅमेऱ्यात हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी हलती भिंग-रचना असेल, तर मोटारसायकलच्या इंजिनाची दीर्घकाळची थरथर तिला बाधू शकते. रोज होल्डर वापरणाऱ्याने थरथर शोषणारा होल्डर घ्यावा.

कॅमेऱ्यात दिवसाचे फोटो या किमतीला शोभतात आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. ५० मेगापिक्सेल हा आकडा तेवढा समजून घ्यावा. नेहमीच्या फोटोत चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र मिळते, आणि मंद प्रकाशात तेच हिताचे असते. ५० चा पर्याय निवडला तर फाइल मोठी होते, गुण क्वचितच वाढतो. जवळच्या वस्तूंसाठी दिलेला २ मेगापिक्सेलचा कॅमेरा जाहिरातीत मोजण्यापुरता आहे. काकांना बिलांचे आणि काजूगराच्या प्रतीचे फोटो पाठवायचे असतात. त्यासाठी मुख्य कॅमेराच वापरावा, वस्तूपासून वीतभर दूर राहून दुप्पट झूम करावे, कडा स्पष्ट येतात.

कॅमेऱ्याचा खरा कस रात्री लागतो. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, तिथे तो पाहता आला. काळोखी गल्ली, रथावर डोळे दिपवणारे दिवे आणि सतत हलणारी माणसे, असे तिथले दृश्य असते. नाइट मोड दोन-तीन सेकंद लागोपाठ चौकटी घेऊन त्या एकावर एक बसवतो, त्यामुळे त्यात इमारती सुरेख आल्या आणि लेझीम खेळणाऱ्या मुलांचे हात धुरासारखे पुसले गेले. साध्या फोटो मोडमध्ये माणसे स्थिर आली, पण रथावरील मूर्तीच्या जागी पांढरा डाग उमटला. मग पडद्यावर मूर्तीच्या चेहऱ्याला बोट लावले, बाजूला आलेले सूर्याचे चिन्ह खाली ओढले आणि फोटो घेतला. भोवतालचा अंधार वाढला, तरी चेहरा आणि फेट्यावरची जर नीट दिसू लागली. अशा प्रसंगी मला तरी हाच मार्ग पटला.

त्याच रात्री फोर-के चित्रीकरण करताना दहा-बारा मिनिटांत कॅमेऱ्याच्या शेजारची पाठ हाताला चटका देऊ लागली, ‘फोन तापला आहे’ अशी सूचना आली आणि फ्लॅश बंद झाला. फोर-केमध्ये १०८०पीच्या चौपट बिंदू हाताळावे लागतात, म्हणून प्रोसेसरवर ताण येतो. १०८०पीवर उतरल्यावर फोन कोमट राहिला आणि चित्रीकरण खंड न पडता झाले. व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्रफीत तशीही दाबली जाते, त्यामुळे घरगुती वापरात फरक जाणवत नाही. लग्नाचे पूर्ण चित्रीकरण फोर-केमध्ये करायचे असेल, तर या किमतीच्या फोनच्या भरवशावर राहू नये.

निपाणीच्या दुकानात फोन पाहाल तेव्हा दुकानदाराला विनंती करून नमुन्याच्या फोनवर दहा मिनिटे फोर-के चित्रीकरण सुरू ठेवावे आणि कॅमेऱ्याच्या शेजारी पाठीवर बोट ठेवून पाहावे. बोट आरामात टेकत असेल तर आपल्या उन्हाळ्यात तो चालेल. टेकवत नसेल तर त्याच दुकानात दुसऱ्या फोनवर हीच परीक्षा करावी. काकांनी असेच केले आणि माझ्या फोनपेक्षा किंचित जाड, पण कमी तापणारा दुसरा फोन घेतला.