गाडी लागणाऱ्यांनी व्हीआर गेम खेळावेत का?

‘मला लहानपणापासून गाडी लागते, घाट तर मी डोळे मिटूनच काढते. भाच्याने आणलेला व्हीआर हेडसेट पहिल्यांदाच लावला आणि दोन मिनिटांत उलटी होईल असे वाटले. सगळे म्हणतात, रेटत राहा, सवय होईल. खरेच होते का?’

सवय बऱ्याच जणांना होते, परंतु रेटून नव्हे. रेटल्याने उलट काय होते, हे माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या अनुभवावरून सांगतो; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बँकेत नोकरी करणाऱ्या या बाईंना घरच्यांनी हौसेने पहिलाच गेम दिला तो रोलर कोस्टरचा. नवख्या माणसासाठी याहून वाईट निवड नाही, पण पाहुण्यांना गंमत म्हणून बहुतेक घरांत नेमका हाच लावला जातो. घाटात शरीर हेलकावे खाते आणि नजर मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाईलवर स्थिर असते. हेडसेटमध्ये याच्या उलट घडते, म्हणजे डोळे सांगतात की आपण वेगाने चाललो आहोत आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण सोफ्यावर बसलो आहोत. ही विसंगती मेंदूला सहन होत नाही आणि मळमळ सुरू होते. बाईंनी ‘भित्री’ म्हणवून घ्यायचे नाही म्हणून शेवटपर्यंत हेडसेट काढला नाही. पुढे तर नुसता हेडसेट हातात घेतला, त्याच्या फोमचा वास आला, तरी त्यांच्या तोंडात उलटीआधी जमते तशी लाळ जमू लागली. एकदा बाधलेल्या पदार्थाचा पुढे वासही नकोसा होतो, तशातलाच हा प्रकार. आता मूळ त्रासात धास्तीची भर पडली होती, आणि त्या माझ्याकडे आल्या त्या या धास्तीमुळे.

आम्ही सुरुवात खेळापासून केलीच नाही. हेडसेट घालून त्याच्या कॅमेऱ्यातून स्वतःचीच खोली पाहायची, खुर्चीला हात लावायचा आणि काढून ठेवायचा, एवढेच काही दिवस चालले. याच काळात लक्षात आले की त्यांचा हेडसेट, मेटा कंपनीचा क्वेस्ट २, मुलाच्या मापावर ठेवलेला होता. त्यातील भिंगांमधले अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन जागी सरकवता येते. ते ६८ वर होते, तर चष्म्याच्या दुकानात मोजलेले बाईंच्या बुबुळांमधले अंतर ५९ भरले. भिंगे ५८ वर आणल्यावर चित्राचा धूसरपणा आणि डोळ्यांवरचा ताण गेला. मळमळीचे मुख्य कारण अर्थात वेगळे होते.

त्यानंतर बीट सेबरमधले एकच गाणे. या गेममध्ये ठोकळे आपल्याकडे येतात, पण आपण जागचे हलत नाही. जी हालचाल दिसते ती आपल्याच हातांची असते, त्यामुळे डोळे आणि कान यांच्यात वाद राहत नाही. गेम निवडताना मी हाच एक प्रश्न विचारायला सांगतो: मी स्वतः न हलता हा गेम मला हलवतो का? मेटाच्या स्टोअरमध्ये Comfortable, Moderate आणि Intense अशी वर्गवारी असते. नवख्याने पहिल्या वर्गातच राहावे.

थांबायचे केव्हा, हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला. मळमळ ही बहुधा पहिली खूण नसते. बाईंच्या बाबतीत आधी जांभई येई, मग कपाळावर ऊब जाणवे, मग तोंडात लाळ जमे. जांभई आली की गाणे अर्धवट असले तरी हेडसेट काढायचा आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत, पुन्हा लावायचा नाही, असे ठरले. ‘एवढे गाणे संपवते’ हा मोह त्यांना आवरावा लागला, कारण खूण ओलांडली की त्रास कधी कधी काही तास रेंगाळतो. अशा वेळी गाडी चालवू नये.

ही शिस्त अंगवळणी पडल्यावरच आम्ही जागा बदलणाऱ्या गेमकडे वळलो. वॉकअबाउट मिनी गोल्फमध्ये टेलिपोर्टने पुढच्या जागी थेट पोहोचता येते, मधला प्रवास दिसतच नाही. वळण्यासाठी त्यांनी स्नॅप टर्न ठेवला, म्हणजे दृश्य सरकत फिरत नाही, ठरावीक कोनात एकदम बदलते. पंख्याचा वारा तोंडावर घेतल्यानेही त्यांना बरे वाटे. हातातल्या कंट्रोलरची छोटी दांडी ढकलून गेममध्ये सलग चालण्याचा प्रकार मात्र, कडेचे दृश्य झाकण्याची सोय चालू करूनही, त्यांना मानवला नाही आणि आम्ही तो सोडून दिला. सवयीलाही प्रत्येकाची मर्यादा असते. गोल्फ खेळता येण्यासाठी ती ओलांडायची गरज नव्हती.

प्रवासात घेतात ती गोळी घेऊन खेळण्याचा सल्ला मी देत नाही. तिने गुंगी येऊ शकते आणि थांबण्याची खूण कळणे अवघड होते. हेडसेट नसतानाही गरगरत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल किंवा अर्धशिशीचा त्रास असेल, तर मात्र गेमचा विचार बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.