डेंटिस्ट्रीच्या स्टेटमेंटमध्ये हातकाम कसं दाखवावं?

प्रश्न: यूकेत बीडीएससाठी अर्ज करतेय. शाडूचे गणपती करते, धरमपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये आठ दिवस बसून काम पाहिलं. हे कसं लिहू?

उत्तर: ‘माझा हात स्थिर आहे’, ‘मला संयम आहे’ ही वाक्यं आधी काढून टाक. ती कुणीही लिहितं. एकच मूर्ती घे आणि ती कुठे बिघडली ते सांग. समजा सोंडेला तडा गेला. बारीक सोंड आधी सुकते, जाड धड ओलंच राहतं, म्हणून जोडावर ताण येतो. पुढच्या वेळी सोंडेवर ओलं फडकं गुंडाळून दोन दिवस थांबलीस, तर तेच लिही. संयम तिथे दिसतो.

आता क्लिनिक. मी स्वतः डेंटिस्ट आहे, आणि बघायला येणारी मुलं ड्रिलकडेच पाहतात, आमच्या अनामिकेकडे नाही. ड्रिल सुरू करण्याआधी आम्ही अनामिका शेजारच्या दातावर टेकवतो. पेशंटने मान हलवली तरी हात तिच्यासोबतच हलतो, घसरत नाही. गणपतीचे डोळे कोरताना तूही करंगळी गालावर टेकवत असशीलच! हे दोन टेकू शेजारी मांड. फरकही प्रामाणिकपणे लिही: शाडू परत लावता येतो, कोरलेलं इनॅमल परत येत नाही.

यूकेतले अर्ज ज्या यूकॅसमार्फत जातात, तिच्या 2026 प्रवेशापासून स्टेटमेंटमध्ये तीन प्रश्न असतात, मिळून 4,000 कॅरेक्टर्स, स्पेस धरून. हे सगळं तिसऱ्या, म्हणजे शिक्षणाबाहेरच्या तयारीच्या प्रश्नात घाल. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहू नकोस.