बीपीचे वरचे आणि खालचे आकडे म्हणजे काय?

प्रश्न: मला नुकताच बीपीचा त्रास निघाला. रिडिंग १५२/९४ आहे. यातला कुठला आकडा कशाचा, आणि जास्त-कमी कधी म्हणायचं?

उत्तर: हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं, तेव्हा धमन्यांवर येणारा सर्वाधिक दाब म्हणजे वरचा आकडा, सिस्टोलिक. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं, तरी धमन्यांत जो दाब उरतो तो खालचा, डायस्टोलिक. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त येत राहिला, तर साधारणपणे उच्च रक्तदाब धरतात. दोन्हींपैकी एक वाढला तरी पुरे. तुमचे दोन्ही वाढलेले आहेत. घरी मोजताना मात्र ही सीमा १३५/८५ धरा. दवाखान्यातल्या धास्तीने आकडा थोडा चढतो.

९०/६० च्या खाली म्हणजे कमी. पण चक्कर, अंधारी असं काही नसेल तर नुसत्या आकड्याला घाबरू नका. गोळी सुरू झाल्यावर उठताना भोवळ आली, तर डॉक्टरांना कळवा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

चुकीची रिडिंग बहुधा पट्ट्यामुळे येते: दंडाला लहान पडला की आकडा खोटाच वाढतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, दंड हृदयाच्या पातळीत ठेवा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहून ठेवा.

१८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूची कमजोरी असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच इस्पितळ गाठा.