तबल्याची शाई नेमकं काय करते?

प्रश्न: डफावर थाप मारली तर नुसता 'धब्ब' आवाज येतो, पण तबला मात्र चक्क षड्जात लावता येतो. कातडं तर दोन्हीकडे आहे. मग मधल्या काळ्या शाईने एवढा फरक कसा पडतो?

उत्तर: शाई आवाज गोड करते असं सगळेच सांगतात, पण करते कशी ते क्वचितच कुणी सांगतं. मी तबला वाजवतो आणि भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कोरं कातडं घेऊ. गोल, सगळीकडे सारखं ताणलेलं. त्याचा सगळ्यात खालचा स्वर १ धरला, तर वरचे उपस्वर १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ पट येतात. म्हणजे मूळ स्वर १५० हर्ट्झचा असेल तर पुढचे साधारण २३९, ३२०, ३४४, ३९८, ४३८. तारेचे उपस्वर १५०, ३००, ४५०, ६०० असे सरळ पटीत असतात आणि म्हणून कान त्या सगळ्यांचा मिळून एकच स्वर ऐकतो. २३९ आणि ३४४ मध्ये असं काही नातं नाही. कानाला पकडायला एक स्वर मिळत नाही, आणि राहतो तो 'धब्ब'.

तबल्यात हेच आकडे जवळजवळ १, २, ३, ४, ५ होतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, आणि १९३४ च्या सुमारास रामन यांनी ते आणखी खोलात नेलं. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेल्या कातड्यावर, बारीक वाळू पसरून ती कुठे जमते ते पाहायचं, इतकी साधी पद्धत. जिथे कातडं हलत नाही तिथे वाळू साचते, त्या निस्पंद रेषा. त्यांना दिसलं की पहिले पाच स्वर हे खरं तर नऊ वेगवेगळ्या कंपनांतून आलेले आहेत: पहिले दोन एकेका कंपनाचे, तिसरा आणि चौथा दोन-दोन कंपनांचे, पाचवा तीन कंपनांचा. कोऱ्या कातड्यात या नऊ कंपनांचे नऊ वेगळे, बेसूर स्वर असतात. शाई त्यांना पाच ठिकाणी गोळा करते.

कशी, ते पहिल्या काही कंपनांवरून बघू.

मूळ कंपनात सगळी पुडी एकदम वर-खाली होते आणि मध्यभाग सर्वांत जास्त हलतो. शाईचं वजन नेमकं तिथेच, म्हणून हा स्वर चांगलाच खाली येतो. दुसऱ्या कंपनात पुडीच्या मधोमध एक निस्पंद रेषा असते. एक अर्धा वर जातो तेव्हा दुसरा खाली. केंद्र जवळपास स्थिर, त्यामुळे वजनाचा त्रास कमी आणि स्वर कमी उतरतो. १.५९ चं गुणोत्तर २ व्हायला मूळ स्वराला दुसऱ्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त खाली यावं लागतं. तेवढाच तो येतो.

आता तिसऱ्याची जोडी, कारण खरी गंमत इथे आहे. एका कंपनात केंद्रातून दोन रेषा जातात, पुडीचे चार भाग होतात, आणि केंद्राजवळ हालचाल अगदीच नगण्य असते. कोऱ्या कातड्यात याचा आकडा २.१४. दुसऱ्यात रेषा नाही, एक निस्पंद वर्तुळ आहे, आणि त्याच्या आत केंद्र जोरात हलतं. याचा आकडा २.३०. शाई चढली की केंद्र हलवणारं दुसरं कंपन जास्त ओढलं जातं, पहिलं कमी. वरचा जास्त उतरला, खालचा कमी, म्हणून दोघे एकमेकांजवळ येतात आणि मूळ स्वराच्या तिप्पटीवर भेटतात. चौथ्या स्वराची जोडीही (२.६५ आणि २.९२) याच कारणाने चारपटीवर येते.

हे नुसतं वजन ठेवून होत नाही. मध्यावर मेणाचा गोळा चिकटवला तर मूळ स्वर उतरेल, पण बाकीचे जागेवर बसणार नाहीत. वजन किती रुंदीवर पसरलंय हे तितकंच महत्त्वाचं. १९५४ मध्ये रामकृष्ण आणि सोंधी यांनी गणित मांडलं तेव्हा शाईची त्रिज्या पुडीच्या सुमारे ०.४ पट आणि शाईच्या भागाचं दर क्षेत्रफळामागचं वजन कोऱ्या भागाच्या जवळपास दहापट धरल्यावर आकडे छान जुळले. खरी शाई एकसारख्या जाडीची नसते. लोखंडाची पूड घातलेल्या लुकणाचा थर लावायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग त्याहून लहान थर, असं करत मध्य सर्वांत जाड होतो. कारागिराला ०.४ माहीत असायची गरज नाही. तो वाजवून बघतो.

घोटण्याने शाईवर जे बारीक तडे पडतात ते दोष नव्हेत. घट्ट वाळलेला अखंड थर ताठ झाला असता, आणि ताठपणा वरचे उपस्वर वर ढकलतो. तड्यांमुळे वजन राहतं आणि पुडी वाकायची तशी वाकते. शाईचे टवके उडायला लागले की मात्र वजनाची मांडणी बिघडते. जोडीतले स्वर फाकतात, नाद चिरका होतो. अशी पुडी कितीही ठोकली तरी लागत नाही.

'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बऱ्याच तबल्यांत मूळ स्वर, म्हणजे शाईवर मोकळं वाजवलेला 'तूं', थोडा चढाच असतो. दोन, तीन, चार मात्र आपसांत नीट बसतात. वादन त्यामुळे अडत नाही, कारण 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. मूळ कंपनात ती जागा हलते, म्हणून बोट ते दाबून टाकतं. दुसऱ्या कंपनाची निस्पंद रेषा मात्र बोटाखालून जाऊ शकते, ते बिनधास्त वाजतं. तबला षड्जात लावतो तेव्हा आपण ऐकतो ते हेच दुसरं कंपन. फोनवरच्या एखाद्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये 'तूं' आणि 'ना' वेगवेगळे वाजवून बघा. 'ना'मध्ये तळाचं शिखर जवळपास गायब दिसेल आणि उरलेली २:३:४ च्या प्रमाणात.

त्याच ॲपमध्ये 'ना'चं पहिलं शिखर जर दोन शिखरांत फुटलेलं दिसलं, किंवा स्वर थरथरत विरतोय असं वाटलं, तर शाईवर घाईने संशय घेऊ नका. दुसऱ्या कंपनाची रेषा कोणत्याही दिशेला असू शकते, आणि पुडीच्या कडेभोवतीच्या सोळाही भागांचा, म्हणजे घरांचा, ताण सारखा असेल तरच सगळ्या दिशांना एकच स्वर मिळतो. समोरासमोरची घरं आळीपाळीने वाजवून बघा, जे उतरलंय तिथे पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हलका ठोका द्या. सगळी घरं एका स्वरात आली आणि तरीही थरथर उरली, तर मग पुडीकडे बघायचं.

डग्ग्याला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे शाई मधोमध नसून एका बाजूला असते, आणि तळहाताच्या दाबाने स्वर सरकवायचा असतो.