शिसे-कथिलाच्या शीतलन वक्रात आधी वाकण, मग सपाट रेषा का?

४०% कथिल असलेला वितळलेला रस घ्या आणि तो थंड होताना वेळेनुसार तापमान मांडा. सुमारे २३८° सेल्सियसला शिसेप्रधान स्फटिक सुटू लागतात. त्यांची उष्णता बाहेर पडते, म्हणून उतार मंदावतो, तीच वाकण. उरलेला रस कथिलाने समृद्ध होत जातो, त्यामुळे त्याचा गोठणबिंदूही खाली सरकतो.

१८३° ला रसात ६१.९% कथिल होते. आता शिसेप्रधान आणि कथिलप्रधान असे दोन्ही घन एकदम सुटतात. रस आणि दोन घन अशा तीन प्रावस्था एकत्र असताना, दाब स्थिर धरला तर, स्वातंत्र्य शून्य: सगळा रस संपेपर्यंत तापमान हलत नाही. आपल्या नमुन्यात तेव्हा साधारण निम्माच रस उरलेला असतो, म्हणून सपाट रेषा तेवढ्याच वजनाच्या युटेक्टिक, म्हणजे ६१.९% कथिलाच्या, मिश्रधातूपेक्षा जवळपास निम्मी भरते. रेषेआधी छोटा खड्डा दिसला तर ते अतिशीतलन. वाचन सपाट भागावरच घ्या.