सकाळची पोस्ट, पण सर्व्हर नको

फक्त रोज सकाळी सहाची ह्यूगो पोस्ट लावायची असेल, तर स्वतःचा सर्व्हर सांभाळत बसू नका. गिटहब ॲक्शन्स पुरेसं आहे. पब्लिक रेपोला त्याचे साधे रनर फुकट आहेत.

```yaml
on:
  schedule:
    - cron: '47 0 * * *'
  workflow_dispatch:
```

ही वेळ UTC आहे, म्हणजे आपले सकाळचे 6:17. ठोक्याला गर्दी असते, जॉब रखडतो, म्हणून आडनिडं मिनिट घ्या. तरीही उशीर होतोच. मिनिटाचा हट्ट असेल तर हा मार्ग तुमचा नाही. शेवटच्या ओळीमुळे हाताने चालवून बघता येतं. आधी तेच करा. या ओळी असलेली वर्कफ्लो फाइल मुख्य ब्रँचवर नसेल तर वेळापत्रक चालतच नाही.

मी फसलो तो तारखेत. पोस्टवर `2025-03-10T06:00:00` लिहिलं, पुढे `+05:30` नाही. ह्यूगोने ते UTC धरलं, म्हणजे आपले साडेअकरा. भविष्यातली पोस्ट तो गाळतो. रन हिरवा, साइटवर काही नाही. पोस्ट उगवली दुसऱ्या दिवशी!

आणि हो, पब्लिक रेपोत 60 दिवस हालचाल नसेल तर वेळापत्रक आपोआप बंद पडतं. ॲक्शन्स टॅबमधून पुन्हा चालू करायचं.