नकाराचं कारण किती सांगायचं?

ताई, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्ससाठी माझी निवड झाली आहे. सोमवारपर्यंत कळवायचंय. मुलाखत चालू असताना मॅनेजरसाहेबांनी माझ्यादेखत एका मुलाला वाट्टेल तसं झापलं, आणि ‘रात्री नऊपर्यंत थांबलं तर घरी चालेल ना?’ असं दोनदा विचारलं. मला तिथे जायचं नाही. पण माझं नाव बाबांच्या एका मित्रांनी सुचवलं होतं, त्यांना मी काका म्हणते. कुणाला न दुखावता नाही कसं म्हणू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

तुझा निर्णय मला पटला. बाहेरच्या माणसासमोर जे आवरत नाहीत, ते रोजच्या कामात आवरतील अशी आशा धरू नकोस.

सोमवारची वाट पाहू नकोस, उद्या सकाळीच कळव. तुझ्या होकारासाठी त्यांनी बहुतेक दुसऱ्या उमेदवाराला थांबवून ठेवलं असेल. आधी एचआरना फोन कर आणि लगेच, ज्या मेलमधून ऑफर आली त्यालाच उत्तर लिही, म्हणजे नोंद राहते. तीन वाक्यं पुरे: ‘निवडीबद्दल आणि दिलेल्या वेळेबद्दल आभार. नीट विचार करून मी ही ऑफर स्वीकारत नाही. या जागेसाठी आपल्याला योग्य व्यक्ती लवकर मिळो.’ ऑफर लेटरवर सही केलेली नाहीस ना? मग प्रश्नच नाही. केली असेल, तर आधी त्यातल्या अटी वाच.

खरी कसोटी फोनवर असते. ते विचारतील, ‘पगार कमी वाटला का?’ इथे ‘हो’ म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तसं म्हणालीस आणि त्यांनी दोन हजार वाढवून दिले, की तुझ्याकडे नाही म्हणायला काही उरत नाही. घरच्या आजारपणाचं सांगितलंस, तर काका संध्याकाळी चौकशीला दारात येतील. म्हणून खोटं कारण नको आणि खरं उलगडून सांगायचीही गरज नाही. ‘पगाराचा प्रश्न नाही. कामाची पद्धत आणि माझी गरज यांचा मेळ बसेल असं मला वाटत नाही.’ हे खरं आहे आणि यात कुणावर ठपका नाही. पुन्हा विचारलं तर हेच वाक्य पुन्हा, त्याच शब्दांत. नवीन शब्द घातलेस की नवीन प्रश्न येतो. अभिप्रायाचा फॉर्म आला तर मॅनेजरांबद्दल लिहू नकोस. त्या दिवशी आत कोण बसलं होतं हे त्यांना ठाऊक आहे, आणि ओरडा खाल्लेल्या त्या मुलाला पुन्हा त्रास व्हायचा.

काकांना मात्र एचआरच्या आधी सांग. शक्यतो घरी जाऊन, बाबांना सोबत घेऊन. कंपनीतून त्यांना परस्पर कळलं तर त्यांचा शब्द खाली पडल्यासारखं होईल. ‘काका, तुमच्यामुळे मुलाखत मिळाली, पण तिथल्या कामाच्या वेळा मला जमणार नाहीत’ एवढं बोल. त्यांनी खोदून विचारलं तरी त्या मुलाचा प्रसंग सांगू नकोस. काकांची त्या लोकांशी उद्याही उठबस आहे, ती गोष्ट कुणाच्या तोंडून तिथवर पोचेल सांगता येत नाही.